शिबिराच्या फोटोखालच्या चार ओळी

उन्हाळी क्रिकेट शिबिराच्या फोटोखालचा मजकूर वाचूनच बरेच पालक नाव नोंदवायचे की नाही ते ठरवतात. त्यात पहिली चूक होते ती वयोगटात. ‘८ ते १२ आणि १२ ते १६’ असे छापले, की बारा वर्षांचा मुलगा दोन्हीकडे बसतो. म्हणून ‘१ एप्रिल रोजी १३ वर्षे पूर्ण न झालेली मुले’ असे तारखेसह लिहावे. हा नुसता काटेकोरपणा नव्हे. तेरा वर्षांखालील मुलांचा लेदर चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो, तर मोठ्या मुलग्यांचा १५६ ते १६३ ग्रॅमचा. गट चुकला तर जड चेंडू लहान बोटांवर आदळतो.

‘अनुभवी प्रशिक्षक’ या शब्दांतून काहीच कळत नाही. ते कोणत्या स्तरावर खेळले आणि प्रशिक्षणाची कोणती परीक्षा उत्तीर्ण झाले, हे वेगवेगळे सांगावे. रणजी खेळलेल्याला दहा वर्षांच्या मुलाला शिकवता येईलच असे नाही.

संमतिपत्रात दमा, अ‍ॅलर्जी, तातडीचा फोन क्रमांक आणि मुलाला घ्यायला कोण येणार, याची नोंद हवी. फोटो छापण्यासाठी मात्र पालकांची वेगळी सही घ्यावी. खेळायला दिलेली परवानगी त्यासाठी पुरत नाही.