सातबाऱ्यातलं टिंब वाचवायचं तर

मोबाइलवर सातबारा उघडायचा, स्क्रीनशॉट घ्यायचा आणि भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा, हे आता गावोगाव चालतं. मग ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "गट नंबर ११८/३ आहे की ११८/८?" क्षेत्राच्या रकान्यात ०.४०.०० असतं, म्हणजे चाळीस आर. पण त्यातलं एखादं टिंब पुसट झालं की आकडा भलताच वाटू लागतो. स्वतःच्या फोनवर लख्ख दिसणारी अक्षरं दुसऱ्याच्या फोनवर मळकट का होतात, हे समजायला चित्र साठवण्याच्या दोन पद्धती माहीत हव्यात. एक जेपेग, दुसरी पीएनजी.

जेपेगचं मानक १९९२ मध्ये ठरलं, आणि ते ठरलं फोटोंसाठी. ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते. १०८० बाय २४०० ठिपक्यांच्या मोबाइल स्क्रीनचे असे ४०,५०० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात उजेड-अंधार कसा बदलतो हे ती टिपते: सावकाश होणारा बदल नीट ठेवते, आणि झटकन होणारा बारीक बदल बराचसा टाकून देते. आकाशाच्या किंवा गालाच्या फोटोत ही काटछाट डोळ्याला जाणवत नाही. फाइल मात्र कितीतरी लहान होते.

छापील मजकुराचं तसं नाही. अक्षराच्या कडेला पांढऱ्याचं काळं एका-दोन ठिपक्यांच्या अंतरात होतं. हाच तो झटकन होणारा बदल. तो अर्धवट टाकला की चूक कडेपुरती राहत नाही, अख्ख्या चौकोनात पसरते आणि अक्षराभोवती करड्या कणांची धूळ दिसते. देवनागरीला याचा जास्त त्रास होतो, कारण आपल्याकडे अर्थ बारीक खुणांवर ठरतो. अनुस्वार, नुक्ता, पाय मोडल्याची खूण, दशांशाचं टिंब या गोष्टी लहान अक्षरात जेमतेम तीन-चार ठिपक्यांच्या असतात. शेजारच्या काळ्या रेघेची धूळ त्यांच्यावर बसली की त्या धुळीतच मिसळून जातात.

रंगीत अक्षरांचं आणखी एक दुखणं आहे. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही. त्याचा फायदा घेऊन जेपेगमध्ये बहुतेक वेळा शेजारशेजारच्या चार ठिपक्यांसाठी मिळून एकच रंग नोंदवतात. त्यामुळे पांढऱ्यावरची लाल सूचना काळ्या मजकुरापेक्षा जास्त विसविशीत दिसते.

पीएनजीची गोष्ट निराळी. जिफ या जुन्या पद्धतीत वापरलेल्या तंत्राचं पेटंट होतं आणि त्यासाठी पैसे मागितले जाणार, असं १९९४ च्या अखेरीस जाहीर झालं. तेव्हा संगणक क्षेत्रातल्या काही मंडळींनी कुणालाही फुकट वापरता येईल अशी पद्धत रचायला घेतली. १९९६ मध्ये पीएनजीला मान्यता मिळाली. यात काहीच टाकून दिलं जात नाही. फाइल पुन्हा उघडल्यावर प्रत्येक ठिपका होता तसाच परत मिळतो.

काही न टाकता फाइल लहान कशी होते? पीएनजी प्रत्येक ठिपका डावीकडच्या किंवा वरच्या ठिपक्याशी ताडून बघते आणि फक्त फरक लिहिते. कोऱ्या पांढऱ्या भागात फरक शून्यच असतो. मग त्या शून्यांच्या रांगाही आखडून लिहिता येतात. नोंदवहीत तोच मजकूर पुन्हा न लिहिता 'वरीलप्रमाणे' म्हणावं, तसंच हे.

फाइलचा आकार ठरतो तो इथेच. वरच्या स्क्रीनमध्ये सुमारे २६ लाख ठिपके आहेत. प्रत्येकाला ३ बाइट धरले तर कच्चा माल ७.८ एमबी होतो. सातबाऱ्यासारखं पांढऱ्यावर काळं पान असेल तर पीएनजी तो काहीशे केबीवर आणते, आणि बऱ्याचदा चांगल्या दर्जाच्या जेपेगपेक्षाही लहान फाइल देते. कारण जेपेगला प्रत्येक अक्षराच्या कडेसाठी जागा खर्चावी लागते. पण त्याच स्क्रीनवर शेताचा फोटो किंवा थांबवलेला व्हिडिओ असेल तर शेजारचे दोन ठिपके क्वचितच सारखे असतात. तिथे पीएनजी काही एमबींवर जाते आणि जेपेग तेच काम काहीशे केबीत करते. म्हणून 'पीएनजी म्हणजे जड फाइल' हा समज फोटोपुरता खरा आहे.

विंडोज आणि मॅकवर स्क्रीनशॉट सहसा पीएनजीतच जतन होतो. अँड्रॉइड फोनवर ते कंपनीवर अवलंबून असतं. सॅमसंगच्या सेटिंगमध्ये दोन्हींपैकी एक निवडता येतो. पण पीएनजी निवडून काम संपत नाही, कारण फाइल पाठवण्याची वाट तिचं रूप बदलू शकते. व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट फोटो म्हणून पाठवला की अॅप त्याचे ठिपके कमी करतं आणि त्याचं जेपेग बनवतं. एचडी निवडलं तर ठिपके जास्त राहतात, तरी फाइल मूळची राहत नाही. जोडणीच्या खुणेवर जाऊन 'डॉक्युमेंट' म्हणून तीच फाइल पाठवली तर ती जशीच्या तशी पोचते. ईमेलला जोडली तरी तसंच.

आलेलं चित्र कापून, त्यावर लाल गोल काढून पुन्हा जेपेगमध्ये जतन केलं की दर खेपेला थोडी धूळ वाढते. ती धूळ नंतर निघत नाही. जेपेगचं पीएनजी केलं तर फाइल फुगते आणि धूळ इमानेइतबारे जपली जाते. म्हणून नावाच्या शेवटी .png आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये. चित्र चौपट मोठं करून अक्षरांभोवतीची पांढरी जागा पाहावी. ती स्वच्छ असेल तर चित्र जेपेगमधून गेलेलं नाही. करडे कण दिसले तर कुठेतरी गेलेलं आहे.

ऑनलाइन अर्जात मात्र कधी कधी पर्याय नसतो. 'फक्त जेपीजी, १०० केबीपर्यंत' असं लिहिलेलं असतं. तिथे फाइलच्या नावातलं .png खोडून .jpg लिहिणं निरुपयोगी आहे. नाव बदलतं, आतली फाइल तीच राहते आणि तपासणीत नाकारली जाऊ शकते. आधी वरची बॅटरीची पट्टी, खालची बटणं, रिकामा भाग कापून टाकावा. मग पेंटसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडून 'सेव्ह अॅज'मधून जेपेग निवडावं. तरीही फाइल मोठी राहिली तर लांबी-रुंदी कमी करावी, आणि पाठवण्याआधी गट नंबर व क्षेत्र वाचता येतं का ते बघावं. मूळ पीएनजी जपून ठेवावी, म्हणजे गरज पडली तर जेपेग पुन्हा नव्याने करता येतं.

थोडक्यात, स्क्रीनवर अक्षरं आणि आकडे असतील तर पीएनजी, आणि पाठवायची डॉक्युमेंट म्हणून. फोटो किंवा व्हिडिओचं दृश्य असेल तर जेपेग पुरे. दोन्ही एकत्र असतील आणि मजकूर महत्त्वाचा असेल, तर थोडी जड फाइल पत्करून पीएनजीच घ्यावी. आणि सातबाऱ्यापुरतं म्हणाल, तर डिजिटल सहीचा उतारा पीडीएफमध्ये मिळतो. तो हाताशी असेल तर स्क्रीनशॉट काढूच नका.