वायफायवर अख्खा पट्टाच का बंद?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

साइट मोबाइल डेटावर झटकन उघडते आणि कॉलेजच्या वायफायवर नुसती फिरत राहते, ही तक्रार आमच्याकडे रोजची. काही साइट आम्ही नावानिशी बंद केल्या आहेत, हे खरे. पण हे पत्र आयपी पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे का बंद असतात, त्याबद्दल आहे.

समजा, कुणी फुकटातले क्रॅक सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकले. त्यातून आलेला मालवेअर दर काही मिनिटांनी बाहेरच्या एका सर्व्हरकडे हुकूम मागतो. फायरवॉलच्या लॉगमध्ये तो ओळखू येतो, कारण मालक गाढ झोपलेला असतानाही त्याची हाक ठरल्या अंतराने चालूच असते. सर्व्हरचा पत्ता 203.0.113.17 धरू. तेवढाच बंद केला, तर टोळी उद्या 203.0.113.40 वर जाते. शेवटचा आकडा ० ते २५५ असलेले सगळे २५६ पत्ते तिच्याच ताब्यात असतात. म्हणून आम्ही 203.0.113.0/24 असा एकच नियम लिहितो. पहिले तीन आकडे जुळले की रस्ता बंद. (हा पट्टा केवळ उदाहरणांसाठी राखीव आहे, उगाच कुणावर आळ नको.) टोळ्यांनी बळकावलेल्या किंवा भाड्याने घेतलेल्या अशा पट्ट्यांची ‘ड्रॉप’ नावाची यादी स्पॅमहॉस ही संस्था ठेवते.

एकाच्या लॅपटॉपची झळ सगळ्यांना बसते, कारण वायफायवरचे आपण सारे बाहेरच्या जगाला मोजक्याच सार्वजनिक पत्त्यांवरून दिसतो. त्यातल्या एकावरून स्पॅम सुटला, की तो पत्ताच काळ्या यादीत जातो. मग तुम्हाला जागोजागी ‘मी रोबोट नाही’ सिद्ध करावे लागते, आणि त्याच पत्त्यावरून जाणारी कॉलेजची ईमेलही परत येऊ लागतात.

या उपायात निरपराधही भरडले जातात, हे मान्य. पट्टे विकले जातात; कालच्या टोळीच्या जागी आज एखादा साधा होस्टिंगवाला असू शकतो. क्लाउडफ्लेअरसारख्यांच्या एकेका पत्त्यामागे तर असंख्य साइट असतात, म्हणून तिथे आम्ही पट्ट्याला हात लावत नाही.

तुमची साइट अशी अडकली असेल, तर आधी हे चालवा (साइटचे नाव तुमचे घाला):

```
nslookup example.com
```

पत्ताच मिळाला नाही, तर अडचण बहुधा नाव शोधणाऱ्या डीएनएसमध्ये आहे. पत्ता मिळतो, मोबाइल डेटावर साइट उघडते आणि वायफायवर मात्र वेळ संपेपर्यंत काहीच येत नाही, तर आमच्या नियमाचा संशय घ्या. साइटचे नाव, मिळालेला पत्ता आणि वेळ कळवा. वेळ असली की लॉगमध्ये नेमकी ओळ सापडते. ‘नेट चालत नाही’ एवढ्यावरून काहीच सापडत नाही.

आपला,
नेटवर्क प्रशासक