हत्तीची चाकं कुठं गेली?

शाळेची बस संग्रहालयाच्या दाराशी थांबते आणि पन्नास-साठ मुलं एकदम आत येतात. त्यांना दालनात सोडण्याआधी दोन-तीन मिनिटांची एक चित्रफीत दाखवायची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आहे. कल्पना चांगली आहे. पण या चित्रफितींची संहिता बहुतेक वेळा माहितीपुस्तिकेतून उचललेली असते. राजवंश, सनावळ्या, 'समृद्ध वारसा' वगैरे शब्द, मागं सतार. मुलं दोन मिनिटं गप्प बसतात, मग दालनातून धावत सुटतात आणि तिसऱ्या मिनिटाला पाण्याच्या नळाशी असतात. यात दोष मुलांचा नाही. त्यांना आत जाऊन काय करायचं, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

अशी संहिता कशी लिहावी, हे एक उदाहरण घेऊन पाहू. उदाहरण आपल्याच मातीतलं आहे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या डाव्या काठावर दायमाबाद नावाची जुनी वस्ती आहे. तिथं 1974 मध्ये एका शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना धातूच्या चार वस्तू मिळाल्या. बैल जोडलेला एक रथ आणि तो हाकणारा माणूस, एक रेडा, एक गेंडा आणि एक हत्ती. समजा, या चार वस्तूंच्या प्रतिकृती एका छोट्या दालनात मांडल्या आहेत आणि सहावी-सातवीची मुलं ते दालन पाहायला येणार आहेत. चित्रफीत दोन मिनिटांची हवी. संहिता साधारण अशी होईल. कंसात पडद्यावर काय दिसेल ते दिलं आहे.

(पडदा काळा. नुसता कुदळीचा आवाज.)
"1974 साल. प्रवरा नदीच्या काठी, दायमाबाद. एक शेतकरी झुडपाचं मूळ खणत होता. कुदळीला काहीतरी कठीण लागलं."

(चार वस्तू, एकेक करून.)
"निघाल्या चार वस्तू. बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस. एक रेडा. एक गेंडा. आणि हा हत्ती."

(हत्तीशेजारी शाळेची फूटपट्टी उभी.)
"हत्तीची उंची 25 सेंटिमीटर. तुमच्या फूटपट्टीपेक्षा थोडी कमी. पण चारही वस्तूंचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त! कारण त्या आतून पोकळ नाहीत, भरीव आहेत."

(नदीकाठचं मातीचं टेकाड.)
"त्या किती जुन्या? बरेच अभ्यासक म्हणतात, साडेतीन ते चार हजार वर्षं. काहींना ते पटत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही."

(दालनाचं उघडं दार.)
"आत ठेवल्या आहेत त्या या वस्तूंच्या प्रतिकृती. रथाला दोन चाकं. रेड्याखाली चार, गेंड्याखाली चार. हत्तीला एकही नाही. पण त्यालाही चाकं होती, असं आम्ही म्हणतो. कशावरून? उत्तर पाटीवर लिहिलेलं नाही. हत्तीपाशी जा आणि शोधा."

एवढंच. शब्द मोजले तर सव्वाशेच्या आतच भरतील. मोठ्या माणसाला हे मिनिटभरात वाचून होईल, मग दोन मिनिटं कशाला? कारण मुलांसाठी वाचताना वेग निम्म्यावर आणावा लागतो आणि प्रत्येक वस्तू पडद्यावर आली की चार-पाच सेकंद कोणीही बोलायचं नाही. गेंडा पाहिल्यावर शेजारच्याला कोपरानं ढोसायला तेवढा वेळ लागतोच. शिवाय संग्रहालयांच्या उंच छताच्या दिवाणखान्यात आवाज घुमतो. लांबलचक वाक्याचा शेवट कानावर येईपर्यंत सुरुवात विरून गेलेली असते. म्हणून वाक्यं तुटक ठेवायची आणि आकडे पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवायचे.

आता या संहितेत काय घेतलं आणि का, ते पाहू. फूटपट्टी मुद्दाम आणली. पडद्यावर पाहिलेली वस्तू केवढी आहे, ते कधीच कळत नाही. पडदाभर हत्ती पाहून आत गेलेल्या मुलाला पेटीतला वीतभर हत्ती दिसला, की त्याचा पहिला उद्गार 'एवढासाच?' असा निघतो आणि तिथंच सगळं संपतं. आधी उंची सांगून लगेच वजन सांगितलं, की उलटं घडतं. एवढ्याशा वस्तू आणि एवढा भार, मग ही खेळणी असतील का, असा प्रश्न मुलाला आपला आपणच पडतो. ती मिरवणुकीत किंवा पूजाविधीत वापरत असतील, असं काही अभ्यासकांचं मत आहे. संहितेत ते घातलेलं नाही. एका चित्रफितीत एकच प्रश्न पुरे.

सगळ्यांत अवघड वाक्य काळाचं. "चार हजार वर्षांपूर्वीचा हत्ती" असं ठोकून दिलं असतं, तर ऐकायला छान वाटलं असतं. पण ते पूर्ण खरं झालं नसतं. धातूची वस्तू किती जुनी आहे, हे धातूवरून थेट ठरवता येत नाही. उत्खनन करणारा माणूस मातीचा एकेक थर अलगद काढत जातो. वस्तू ज्या थरात सापडते, त्या थरातला कोळसा, खापरं, धान्य यांवरून तो वस्तूचा काळ ठरवतो. दायमाबादच्या या वस्तू मात्र पुरातत्त्वज्ञाच्या हाती लागण्याआधीच मातीतून बाहेर आल्या होत्या. पुढं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी 1976 ते 1979 या काळात तिथं पद्धतशीर उत्खनन केलं. या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या असाव्यात, असं मत त्यातून पुढं आलं. एम. के. ढवळीकरांसारख्या जाणकारांनीही त्या तशाच जुन्या मानल्या.

दुसरी बाजू धातूची. या वस्तूंच्या तांब्यात आर्सेनिकचं, म्हणजे आपण ज्याला सोमल म्हणतो त्याचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त निघालं. त्या काळातल्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत मिळालेल्या तांब्याच्या इतर वस्तूंत असं मिश्रण आढळत नाही, असं डी. पी. अगरवाल यांनी दाखवून दिलं आणि या वस्तूंच्या काळाविषयीच शंका घेतली. त्या पुष्कळ नंतरच्याही असू शकतील, असा या शंकेचा रोख आहे.

अकरा वर्षांच्या मुलाला यातलं किती सांगायचं? माझ्या मते, वाद आहे एवढं नक्की सांगायचं. आर्सेनिक आणि थर ही गोष्ट दालनातल्या पाटीवर किंवा मार्गदर्शकाच्या तोंडी ठेवायची. काही शिक्षक म्हणतात, मुलांना नक्की उत्तर द्या, त्यांचा गोंधळ होतो. मला उलटंच वाटतं. 'काहींना ते पटत नाही' हे वाक्य आलं, की मागच्या बाकावरचाही कान टवकारतो. मोठी माणसं आपसांत भांडतात हे मुलांना चांगलं ठाऊक असतं. 'प्रतिकृती' हा शब्दही असाच. तो लपवला आणि बाहेर पडताना कोणा मुलाला कळलं, की आपण पाहिलं ते मूळ नव्हतं, तर त्यानं पाहिलेल्या सगळ्यावरच पाणी पडतं.

आता प्रश्नाकडे येऊ. दालनात बरोबर न्यायचा प्रश्न कसा नसावा, ते आधी सांगतो. 'या वस्तू कोणत्या जिल्ह्यात सापडल्या?' असं विचारलं, तर मूल पाटी वाचून उत्तर उतरवून घेतं. वस्तूकडे बघतही नाही. 'हा हत्ती पाहून तुम्हाला काय वाटतं?' असं विचारलं, तर सगळे 'छान' म्हणतात. तेही न बघता. उत्तर वस्तूतच असलं पाहिजे आणि ते शोधायला वाकावं लागलं पाहिजे.

दायमाबादच्या हत्तीनं ही सोय आपणहून करून ठेवली आहे. तो 27 सेंटिमीटर लांब आणि 14 सेंटिमीटर रुंद पाटावर उभा आहे. त्या पाटाच्या खालच्या अंगाला पुढं दोन आणि मागं दोन असे चार कान आहेत आणि प्रत्येक कानाला भोक आहे. भोकातून आस जात असे, आसाला चाकं असत. आस आणि चाकं गेली, भोकं राहिली. मुलानं ती भोकं पाहिली, शेजारच्या गेंड्याकडे पाहिलं, तिथं तसाच आस चाकांसकट दिसला, की उत्तर त्याच्या हाती आलं. जे उरलं आहे त्यावरून जे हरवलं ते ओळखायचं, हे पुरातत्त्वज्ञाचं रोजचं काम त्यानं दोन मिनिटांत केलेलं असतं.

पण इथंच बेत फसण्याचा संभव असतो आणि तो संहितेमुळं नव्हे, सुतारकामामुळं. हत्तीची पेटी मोठ्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर ठेवली आणि दिवा वरून सोडला, तर पाटाखाली नुसता अंधार दिसतो. मूल वाकतं, काही दिसत नाही, मग ते पाटीकडे वळतं. पाटाची खालची बाजू मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. सहावीच्या मुलासाठी ती उंची साधारण सव्वा मीटर धरावी. ते जमत नसेल तर पेटीत हत्तीखाली एक तिरपा आरसा ठेवावा आणि बाजूनं एक छोटा दिवा. संहिता लिहिणाऱ्यानं दालन न पाहता प्रश्न लिहिला, तर हे ध्यानात येत नाही.

दुसरा धोका आवाजाचा. एखादा हुशार विद्यार्थी पहिल्या मिनिटाला 'भोकं आहेत!' म्हणून ओरडतो आणि बाकीच्यांचा शोध संपतो. त्यावर उपाय सोपा आहे. उत्तर बोलायचं नाही, काढून दाखवायचं. चित्रफीत संपली की प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा कोरा कागद आणि पेन्सिल द्यावी आणि हत्तीच्या पाटाखाली जे दिसेल ते काढायला सांगावं.

त्या कागदांवरूनच संहितेची परीक्षाही होते. पहिल्या वर्गाचे कागद गोळा करून पाहावेत. कागदावर सोंड आणि सुळे असतील आणि पाटाखाली काहीच नसेल, तर मुलांपर्यंत 'कशावरून' हा शब्द पोहोचलेला नाही; तिथं वाचनाचा वेग कमी करावा आणि शब्दानंतर थोडं थांबावं. पाटाखाली चार चाकंच काढलेली असतील, तर मुलांनी हत्ती पाहिलेला नाही, गेंडा पाहून अंदाज बांधला आहे. तेव्हा आरसा हलवून पाहावा. आणि चार कानांत चार भोकं नीट उतरली असतील, तर त्या मुलाचा पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: मग चाकं गेली कुठं? याचं उत्तर कोणाकडेच नाही. मार्गदर्शकानं तसं सरळ सांगावं आणि मग थर आणि आर्सेनिकची गोष्ट काढावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)