छेद हलतो, पण टळत नाही

ऋण संख्येला लॉगरिथम असतो का, यावर १७१२-१३ मध्ये लायब्निझ आणि योहान बर्नोली यांच्यात पत्रांतून चांगलीच जुंपली होती. बर्नोलींचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता: (−1)² = 1, म्हणून 2 log(−1) = log 1 = 0, म्हणजे log(−1) शून्य. लायब्निझना हे मान्य नव्हते. असे लॉगरिथम काल्पनिकच, असे त्यांचे म्हणणे. निकाल ऑयलरने १७४९ च्या निबंधात दिला. त्याच्या मते एका संख्येला एकच लॉगरिथम असतो हे गृहीतच चुकीचे. मागच्या लेखांकात पाहिल्याप्रमाणे e^(2πi) = 1 असल्याने घातांकात 2πi मिळवले तरी संख्या तीच राहते. म्हणून log 1 च्या किमती 0, ±2πi, ±4πi अशा, तर log(−1) च्या ±πi, ±3πi अशा. या दुसऱ्या किमतींची दुप्पट केली तर ±2πi, ±6πi मिळतात. त्या सगळ्या 1 च्याच लॉगरिथममध्ये मोडतात, पण त्यांत शून्य कुठेच नाही. बर्नोलींनी log 1 च्या असंख्य किमतींतून आपल्याला हवी ती उचलली होती.

मग प्रत्येक z साठी एकेक किंमत निवडून टाकली की झाले, असे वाटेल. अडचण निवडण्यात नाही, ती निवड संतत ठेवण्यात आहे. समजा, शून्य सोडून सगळ्या प्रतलावर f(z) हे संतत फल सापडले आणि e^f(z) = z हे सर्वत्र खरे ठरले. आता 1 पासून निघून एकक वर्तुळावरून z = e^(it) असे फिरू या. प्रत्येक क्षणी f(z) हा it पेक्षा 2πi च्या पूर्णांक पटीनेच वेगळा असणार. पूर्णांक मधल्या किमती घेऊ शकत नाहीत. फल संतत असेल तर तो पूर्णांक वाटभर बदलणार नाही. पण एक प्रदक्षिणा पुरी होऊन 1 वर परतलो की it शून्यावरून 2πi वर गेलेले असते, आणि f(1) मात्र तेच राहायला हवे. दोन्ही एकाच वेळी शक्य नाही. त्यामुळे असे f अस्तित्वातच नाही. कितीही हुशारीने निवड केली तरी वर्तुळावर कुठेतरी उडी घ्यावीच लागते.

मुख्य मूल्याची व्याख्या ही उडी ऋण वास्तव अक्षावर नेऊन ठेवते: Log z = ln|z| + iθ, जिथे θ हा −π पेक्षा मोठा आणि π पर्यंतचा कोन. परिणाम आकड्यांत पाहू. z = −1 + 0.01i घेतला तर Log z सुमारे 0.00005 + 3.1316i येतो; z = −1 − 0.01i साठी 0.00005 − 3.1316i. दोन बिंदूंत अंतर अवघे 0.02, पण लॉगरिथममध्ये 6.26 हून अधिक. वास्तव भाग जागचा हललेला नाही, सगळा घोळ कोनाचा आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढ्यासाठी अख्खी किरणरेषा कशाला कापायची, छोटासा तुकडा पुरेल. तो पुरत नाही. छेद −100 वर थांबवला तर शून्याभोवतीचे 101 त्रिज्येचे वर्तुळ त्याला न छेदता पुरे होते. −1 पासून सुरू केला तर 0.5 त्रिज्येचे. दोन्ही वर्तुळांवर वरचाच विरोधाभास उभा राहतो. म्हणून छेद शून्यापासून अनंतापर्यंत अखंड जावाच लागतो. सरळच असावा अशी सक्ती मात्र नाही. वळणावळणाचा चालतो, आणि जागा बदलली की फलाची दुसरी शाखा मिळते.

मग ऋण अक्षच का? कोन 0 पासून 2π पर्यंत मोजला असता तर उडी धन अक्षावर आली असती, म्हणजे शाळेपासून वापरतो त्या ln x च्या अगदी जवळ: 1 च्या किंचित खाली Log ची किंमत 2πi च्या आसपास गेली असती. ऋण अक्षामुळे धन संख्यांच्या परिसरात सगळे सुरळीत राहते, आणि छेदाबाहेर z च्या अनुबद्ध संख्येचा Log हा Log z चा अनुबद्धच असतो. ही सोय आहे, सिद्धांत नव्हे. तिची किंमतही मोजावी लागते: Log(−1) + Log(−1) = 2πi, पण (−1)(−1) चा Log शून्य. लॉगरिथमचा गुणाकाराचा नियम मुख्य मूल्याला सरसकट लावणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक आहे, आणि खरे तर ती बर्नोलींच्याच चुकीची धाकटी बहीण.

शेवटचा आक्षेप वजनदार आहे: प्रतलाच्या प्रती एकावर एक रचून प्रत्येक फेरीला वरच्या थरावर गेले की उडीच उरत नाही. १८५१ च्या प्रबंधात रीमानने मांडलेली पृष्ठे नेमके हेच करतात. परंतु तिथे बिंदू म्हणजे नुसता z नव्हे, तर z आणि सोबत त्याचा थर. छेद जातो, कारण प्रश्न बदलतो. कोणत्या थरावर आहोत हे न विचारता फक्त z सांगून एक उत्तर हवे असेल, जसे संगणकाला हवे असते, तर छेद परत येतोच. पायथनमध्ये तो शून्याच्या चिन्हातही दिसतो:

```
import cmath
cmath.log(complex(-1, 0.0))    # 3.141592653589793j
cmath.log(complex(-1, -0.0))   # -3.141592653589793j
```