फुगलेल्या चेहऱ्याचा फोटो

भाचीने बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला आणि प्रिंट हातात घेऊन माझ्याकडे आली. "मामा, मी एवढी जाड झालेय का?" फोटो तिचाच होता, पण गाल दाबून पसरवल्यासारखे दिसत होते. स्टुडिओतून काढलेला चांगला फोटो तिने मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये 'रिसाइझ' केला होता. फॉर्मने तो मुकाट्याने स्वीकारला, कारण फॉर्म फक्त आकडे तपासतो. चेहरा बघायचं काम पुढे परीक्षा केंद्रावरचा माणूस करतो.

गडबड कुठे झाली ते समजायला थोडं गणित लागतं. आपण ज्याला पासपोर्ट साइज म्हणतो तो फोटो ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच असतो. (गंमत म्हणजे मोठ्या माणसाचा पासपोर्टचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात, या आकाराचे फोटो आपण वापरतो ते बाकी सगळीकडे.) कागदावर नीट छापायला एका इंचात ३०० पिक्सेल धरले, तर हा फोटो ४१३ × ५३१ पिक्सेलचा होतो. आयबीपीएसच्या परीक्षांच्या सूचनांत मात्र २०० × २३० पिक्सेलचा फोटो सुचवलेला असतो. दोन्ही आकार उभेच, पण प्रमाण वेगळं. दुसरा पहिल्यापेक्षा बुटका आहे. ॲपने भाचीचा उभट फोटो त्या बुटक्या चौकटीत कोंबला आणि चेहरा रुंदीला सुमारे १२ टक्के ताणला गेला.

म्हणून आधी कापायचं, मग लहान करायचं. ४१३ रुंदीच्या फोटोला २००:२३० हे प्रमाण हवं तर उंची ४७५ येते. म्हणजे खालून, छातीच्या बाजूने, ५६ पिक्सेल उडवले की झालं. त्यानंतर २०० × २३० केलं तर चेहरा जिथल्या तिथे राहतो. मी यासाठी GIMP हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरतो. त्यात क्रॉपचं हत्यार घेऊन `Fixed` वर टिचकी मारायची, शेजारी `Aspect ratio` निवडायचं आणि 200:230 लिहायचं. चौकट मग कशीही ओढली तरी प्रमाण सोडत नाही. पुढे `Image` → `Scale Image` मध्ये रुंदी-उंचीच्या मध्ये एक साखळी दिसते. ती जोडलेली असू द्या. एक आकडा भरला की दुसरा आपोआप बरोबर आला पाहिजे. तो भलताच आला तर समजायचं, कापताना चुकलंय.

भाचीचा फोटो तेवढ्यावर सुधारला असता, पण मागची भिंत निळसर होती आणि सूचनेत शक्यतो पांढरी म्हटलं होतं. म्हटलं, नवाच काढू.

घरी फोटो काढताना लोक माणसाला भिंतीला चिकटवून उभं करतात. त्याने डोक्यामागे सावलीची काळी कड येते आणि ती नंतर काढता काढता नाकी नऊ येतात. भाचीला भिंतीपासून तीन फूट पुढे उभं केलं, तोंड खिडकीकडे, घरातले दिवे बंद. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की गालाची एक बाजू निळी, एक पिवळी दिसते. मोबाइल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला आणि मी पाच-सहा फूट मागे सरकलो. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान आत गेलेले येतात, ते कुठल्याही एडिटिंगने सरळ होत नाही. फोटो संगणकावर पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवला, नाहीतर वाटेतच त्याचे तपशील चेचले जातात.

आता भिंत पांढरी करायची. मागचा भाग पुसून टाकणारी बटणं बऱ्याच ॲपमध्ये असतात, पण ती केसांची कड कात्रीने कापल्यासारखी करतात. डोक्यावर हेल्मेट ठेवल्यासारखं दिसतं, आणि भुरभुरणाऱ्या बटा तर नाहीशाच होतात. मी कापतच नाही. डोक्यापासून बोटभर लांबचा भाग पांढऱ्या ब्रशने सरळ रंगवतो. केसांजवळ मात्र `Dodge / Burn` हे हत्यार घेतो, `Dodge` वर ठेवतो, `Range` मध्ये `Highlights` निवडतो आणि `Exposure` तीसच्या आसपास. हा ब्रश जे आधीच उजळ आहे त्यालाच आणखी उजळवतो, काळ्याला जवळजवळ हात लावत नाही. त्यामुळे केसांवरून फिरवला तरी केस काळेच राहतात आणि त्यांच्यामधून दिसणारी भिंत हळूहळू पांढरी होते. घाईने दाबून धरू नका, तीन-चार हलके हात द्या. मग २०० टक्क्यांवर मोठं करून बघा. बटा एकेक करून दिसत असतील तर जमलं.

चेहऱ्यावर हा ब्रश फिरवायचा नाही. काही ठिकाणी फोटोत कसलाच फेरफार चालत नाही. अमेरिकेच्या व्हिसाला तर आकारही वेगळा, २ × २ इंच चौकोनी, आणि २०१६च्या नोव्हेंबरपासून चष्माही नको. तिथे पांढऱ्या भिंतीसमोरच फोटो काढावा.

शेवटची अडचण वजनाची. फाइल २० ते ५० केबी हवी असते, आणि सगळे ५० ची धास्ती घेतात. पण एवढासा फोटो, त्यात मागे कोरा पांढरा रंग, की फाइल कधी कधी २०च्या खालीच राहते आणि फॉर्म नकार देतो. जेपीजी करताना `Quality` चा काटा असतो. `Show preview in image window` वर खूण केली की काटा सरकवता सरकवता फाइलचं वजन समोर दिसतं. कमी पडलं तर काटा वर न्यायचा. पिक्सेल वाढवायचे नाहीत.

छापील प्रतींसाठी जुनाच ३५:४५ चा आकार. ४ × ६ इंचाच्या कागदावर, म्हणजे १८०० × १२०० पिक्सेलवर, असे आठ फोटो दोन ओळींत आरामात बसतात आणि कात्रीला जागाही उरते. फोटोच्या दुकानात सांगायचं, "आहे त्याच मापाने छापा." नाहीतर कडा कोऱ्या राहू नयेत म्हणून मशीन चित्र किंचित मोठं करतं. भाचीने घरी येऊन पट्टी लावली. ३५ नाही, ३६ भरले. दुकानदाराने ती सोय बंद करून दुसरा कागद दिला.

तिच्या पाठोपाठ माझे वडील आले, त्यांनाही पेन्शनच्या कागदासाठी फोटो हवा होता. पांढरे केस, पांढरी टोपी, पांढरा सदरा. केस आणि भिंत दोन्ही उजळ, त्यामुळे माझा लाडका ब्रश फिरताच त्यांचे अर्धे केस भिंतीत विरघळले. टोपी काढायला ते लगेच तयार झाले, केस मात्र काढता येण्यासारखे नव्हते. अर्जात नुसतीच फिकट रंगाची पार्श्वभूमी मागितली होती. आईची फिकट निळी चादर इस्त्री करून दोरीवर टांगली, त्यांना पुढे बसवलं आणि भिंतीला हातच लावला नाही.