साखर सात आली, पण कशाची सात?

या पानासाठी येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वरचेवर असतो : "रक्त तपासले, साखर सात आली, आता काय करावे?" कधी तर आकडाही नसतो, "रिपोर्टमध्ये साखर वाढलेली आहे" एवढेच. अशा पत्राला उत्तर देणे आम्हांला अवघड जाते. का, ते या सातवरूनच सांगतो.

आपल्याकडील प्रयोगशाळा साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात देतात. या मापाने सात म्हणजे माणूस पत्र लिहिण्याच्या शुद्धीतच नसता. तेव्हा हे माप नव्हे, हे उघड आहे. आखातातल्या पुष्कळ प्रयोगशाळा मिलिमोल प्रति लिटर हे माप वापरतात. त्याला 18 ने गुणले की आपले माप मिळते, म्हणजे सात गुणिले अठरा, 126.

आता हे 126 उपाशीपोटीचे असेल, निदान आठ तास पाण्याखेरीज काही घेतलेले नसेल, तर मधुमेहाची रेषा नेमकी तिथेच सुरू होते. तेच जेवणानंतर दोन तासांनी आले असेल, तर काळजीचे कारण दिसत नाही, कारण तेव्हा 140 च्या खालचा आकडा सर्वसाधारण मानतात. एकच आकडा, पण एकाला दवाखाना आणि दुसऱ्याला निवांत झोप!

तिसरी शक्यता एचबीएवनसीची. ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते आणि तिचे उत्तर टक्क्यांत येते. मधुमेहाची रेषा 6.5 टक्क्यांवर, म्हणून सात टक्के हे मधुमेहातच मोडते. मात्र लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालेल्या बाईचा हा आकडा उगाच वर गेलेला असू शकतो. म्हणून तिच्या हिमोग्लोबिनचा आकडाही आम्ही मागतो.

एका वाचकाचा मुलगा आखातात नोकरीला. त्याने फोनवर "सात" एवढेच कळवले आणि घरी आईने गोड बंद करून टाकले. आम्ही कागद पाहून लिहायला सांगितले. निघाले 7.0 मिलिमोल, उपाशीपोटी, आणि तहान-लघवी-वजन यांची तक्रार काही नाही. त्रास नसताना एका तपासणीवर मधुमेह ठरवत नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे लागते. तसे करण्यास कळवले आहे.

"वाढलेली" या शब्दाचे तर विचारूच नका. कागदावरचा वर जाणारा बाण 130 लाही असतो आणि 380 लाही. पहिल्याला आठवडाभर थांबता येते. दुसऱ्याला उलट्या किंवा धाप असेल, तर त्याने आम्हांला पत्र न लिहिता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

पत्रात तपासणीचे नाव, दशांशासह आकडा, पुढचे माप, शेजारी छापलेली त्या प्रयोगशाळेची मर्यादा, तारीख आणि शेवटचे खाणे किती वाजता झाले, एवढे उतरवून पाठवा.