वीज जाते तेव्हाच लागणारा ब्रेक

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, दिवा गेला की आतलं कुणीतरी हमखास विचारतं, "आता ब्रेकला वीज कुठून मिळणार?" हीच भीती मला मुळातून दूर करायची आहे. लिफ्टच्या मोटरवरचा ब्रेक विजेने लागत नाही, विजेने सुटतो.

मशीन रूममध्ये मोटरच्या शाफ्टवर एक ड्रम असतो. दोन्ही बाजूंनी दोन शू त्याला धरून बसतात आणि ती पकड दाबलेल्या स्प्रिंगांची असते. लिफ्ट निघताना कॉइलमध्ये डीसी करंट जातो, चुंबक स्प्रिंगांवर मात करतो आणि शू जेमतेम अर्धा मिलिमीटर मागे सरकतात. 'खट्' असा आवाज येतो, तो याचाच. वीज गेली, फ्यूज उडाला, कॉइलची वायर तुटली, काहीही झालं तरी चुंबक सुटतो आणि स्प्रिंग ड्रम पकडते.

ब्रेक सुटला की लिफ्ट खालीच येणार, असंही बहुतेकांना वाटतं. सहा माणसांची, म्हणजे 408 किलोची लिफ्ट घ्या. काउंटरवेट सहसा केबिनचं वजन अधिक निम्मा भार, इतकं ठेवतात. इथे तो निम्मा भार 204 किलो झाला. केबिन रिकामी असेल तर काउंटरवेट तेवढं जड पडतं आणि ब्रेक सुटताच लिफ्ट वर जाते. म्हणून अडकलेल्यांना काढताना मेकॅनिक आधी मेन स्विच बंद करतो, मग हाताच्या लिव्हरने ब्रेक थोडा थोडा सोडतो. आत एकटाच माणूस असेल तर केबिन बहुधा वरच्या मजल्याकडे सरकते. पूर्ण भारात केबिनची बाजू 204 किलोने जड असते. सव्वापट भार भरून चाचणी घेतली तर हाच फरक 306 किलो होतो, आणि तोही ब्रेकने रोखायला हवा.

तिसरा गैरसमज मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो: स्प्रिंग आहे म्हणजे ब्रेक कधी दगा देणार नाही. वीज जाण्यापासून हा ब्रेक वाचवतो, घर्षण जाण्यापासून नाही. गिअरबॉक्सचं तेल लायनिंगवर झिरपलं तर स्प्रिंग पूर्ण जोराने दाबत असूनही ड्रम निसटतो. शूच्या पिना गंजून अडकल्या तर वीज जाऊनही शू ड्रमला टेकतच नाहीत. म्हणूनच आजच्या लिफ्टमध्ये ब्रेकचे यांत्रिक भाग दोन स्वतंत्र संचांत असतात. एक संच निकामी झाला, तरी दुसऱ्याने भरलेल्या लिफ्टचा वेग कमी केला पाहिजे.

लायनिंग झिजण्याची गोष्ट वेगळी. झिजेल तसं चुंबकाचं अंतर वाढतं आणि त्याची ओढ झपाट्याने घटते. शू पुरते सुटत नाहीत, ड्रम घासत फिरतो, तापतो, मशीन रूममध्ये करपल्याचा वास येतो. उलट ब्रेक निसटत असेल तर केबिनमध्येच कळतं: दार उघडल्यावर उंबरठा मजल्याशी जुळलेला असतो, पण माणसं चढता-उतरताना तो हळूच वर किंवा खाली सरकतो. असं दिसलं की लिफ्ट तिथेच बंद करा आणि मेकॅनिकला ड्रम पाहायला सांगा.